मदतसंकलनाचे निवेदन : संपर्क क्रमांक कानातून कागदावर कसा पोचतो?

प्रास्ताविक

यापूर्वीच्या पाठांत तुम्ही जाहिरात, सूचनाफलक आणि वृत्तलेखन या लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. ते सर्व प्रकार डोळ्यांसाठी होते. वाचकाला ओळ समजली नाही तर तो मागे जाऊन ती पुन्हा वाचू शकतो. ध्वनिवर्धकावरून किंवा आकाशवाणीवरून होणाऱ्या निवेदनात ही सोय नसते. शब्द एकदा उच्चारला की तो गेला. मदतसंकलनाच्या निवेदनात तर ऐकणाऱ्याने भावार्थ समजून घेणे पुरेसे नसते. दहा अंक त्याने जसेच्या तसे, त्याच क्रमाने, घरात जाऊन कागदावर उतरवायचे असतात. एक अंक चुकला तर निवेदनाचे बाकी सारे यश वाया जाते. वैरणीने भरलेला ट्रॉली देऊ इच्छिणारा शेतकरी तिसऱ्याच कुणाला फोन लावतो, 'राँग नंबर' हे उत्तर ऐकतो आणि बहुधा पुन्हा प्रयत्न करीत नाही.

या पाठात आपण निवेदनाच्या इतर अंगांना थोडक्यात स्पर्श करून त्या दहा अंकांकडेच मुख्यतः लक्ष देणार आहोत. मराठीत संख्या उच्चारण्याची जी पद्धत आहे, तिच्यात काही अडचणी अंगभूत आहेत आणि त्यांवरचे उपायही भाषेतच सापडतात.

अभ्यासासाठी निवडलेला प्रसंग

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत नदीची पातळी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजली जाते. तेथे चाळीस फूट ही इशारा पातळी व पंचेचाळीस फूट ही धोका पातळी मानतात. त्या वर्षी पाणी सुमारे साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढले. सांगली शहराचा मोठा भाग, हरिपूर, डिग्रज, तसेच वरच्या अंगाला भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, ब्रह्मनाळ ही गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी आसपासच्या गावांतून मदत गोळा होऊ लागते. सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे माधवनगर हे असेच एक गाव. कापडगिरणीमुळे वाढलेली ही वस्ती आहे. पेठा, चाळी, बाजार आणि पलीकडे बुधगाव, कवलापूरची शेतकरी वस्ती, असा येथला श्रोता संमिश्र आहे. मराठीबरोबर हिंदी बोलणारे कामगार येथे भेटतात आणि कन्नड बोलणारी माणसे जिल्ह्याच्या पूर्व भागातून येत असतात.

या गावात रिक्षावर कर्णा बांधून मदतफेरी काढायची आहे, असे समजा. पुढील नमुने या पाठासाठी रचलेले आहेत. त्यांतील संपर्क क्रमांकही काल्पनिक आहे. आपल्याकडील मोबाइल क्रमांक सहा, सात, आठ किंवा नऊ या अंकांनी सुरू होतात, म्हणून नमुन्यात मुद्दाम पाचाने सुरू होणारा क्रमांक घेतला आहे : ५०४७८८६९३२.

पहिला मसुदा आणि त्यातील दोष

घाईत लिहिलेले निवेदन सहसा असे असते :

"माधवनगर व परिसरातील सर्व सुजाण नागरिकांना कळविण्यात येते की, कृष्णा नदीस आलेल्या अभूतपूर्व महापुरामुळे बाधित झालेल्या आपल्या बांधवांच्या साहाय्यार्थ गावातील शाळेच्या प्रांगणात मदत संकलन केंद्र सुरू करण्यात आले असून, तरी सर्वांनी सढळ हस्ते मदत करावी व अधिक माहितीसाठी सायंकाळी सहापर्यंत भ्रमणध्वनी क्रमांक पन्नास सत्तेचाळीस अठ्ठ्याऐंशी एकोणसत्तर बत्तीस यावर संपर्क साधावा, ही नम्र विनंती."

हे वाक्य कागदावर निर्दोष आहे. कार्यालयीन पत्रात ते शोभूनही दिसले असते. कर्ण्यावर मात्र ते निरुपयोगी ठरते, आणि त्याचे पहिले कारण वेळ हे आहे. रिक्षा ताशी दहा किलोमीटर वेगाने चालली आहे आणि घरात बसलेल्या माणसाला ती पुढे साठ व मागे साठ मीटर असेपर्यंत शब्द स्पष्ट ऐकू येतात, असे धरू. एकूण १२० मीटर अंतर झाले. ताशी दहा किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेतीन मीटर. म्हणजे त्या घराच्या वाट्याला साधारण ४३ सेकंद येतात. रिक्षा ताशी वीसने पळवली तर एकवीसच सेकंद उरतात. सावकाश, तोडून बोलल्यास दहा अंक एकदा सांगायला सुमारे आठ सेकंद लागतात, दोनदा सांगायला सोळा. बाकीच्या सत्तावीस सेकंदांत फार तर पंचेचाळीस शब्द बसतील. वरच्या मसुद्यात क्रमांकापूर्वीच जवळजवळ तेवढे शब्द खर्च झाले आहेत आणि क्रमांक एकदाच येतो.

दुसरे कारण असे की, कर्ण्याचा श्रोता निवेदनाच्या आरंभापासून कधीच हजर नसतो. तो मधूनच ऐकू लागतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. त्यामुळे लांब वाक्याचे पहिले टोक ज्याने ऐकले त्याला काय करायचे ते कळत नाही आणि ज्याने शेवट ऐकला त्याला कशासाठी ते कळत नाही. जुन्या काळी दवंडी पिटणारा प्रत्येक चौकात थांबून तोच मजकूर नव्याने सांगत असे. त्याचा श्रोता त्याच्यासमोर उभा असे. चालत्या रिक्षाला ही सोय नाही, म्हणून तिचे निवेदन वर्तुळासारखे रचावे लागते. कोठूनही ऐकू लागले तरी अर्थ लागला पाहिजे.

आता क्रमांकाकडे वळू.

मराठी संख्यावाचनाची अडचण

मसुद्यात क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्यांत सांगितला आहे. अनेकांना ही पद्धत सोयीची वाटते, कारण दहाऐवजी पाचच शब्द लक्षात ठेवावे लागतात. स्मृतीच्या दृष्टीने हा विचार चुकीचा नाही. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच दाखवून दिले होते की, माणूस सुट्या गोष्टी एका दमात सातच्या आसपासच ध्यानात धरू शकतो आणि त्या गटांत बांधल्या तर अधिक धरू शकतो. पण गट बांधताना मराठीत एक किंमत मोजावी लागते.

'सत्तेचाळीस' हा शब्द पाहा. यात आधी सात ऐकू येतात, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी चार आणि मग सात लिहायचे असतात. ऐकणाऱ्याला पहिला अंक मनात राखून दुसऱ्याची वाट पाहावी लागते. शांतपणे हे सहज जमते. दारात उभे राहून, कर्णा दूर जात असताना, पाच जोड्यांत पाच वेळा ही उलटापालट करायची म्हणजे एखाद्या जोडीत ४७ चे ७४ होणे स्वाभाविक आहे. जर्मन भाषेतही एकक आधी व दशक नंतर बोलतात, आणि तेथेही ही अडचण परिचित आहे. जून २०१९ मध्ये, म्हणजे महापुराच्या दोनच महिने आधी, बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' अशा धर्तीची संख्यानामे आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात कोणती बाजू घ्यावी हा आपला विषय नाही. मुलांना जी गोष्ट अवघड जाते म्हणून ते पुस्तक बदलले गेले, तीच गोष्ट कर्ण्याच्या श्रोत्याला अवघड जाते, एवढे लक्षात घ्यावे.

याहून घातक शब्द 'एकोणसत्तर' हा आहे. त्याचा अर्थ ६९, पण त्यात ऐकू येतो तो 'सत्तर'. पहिली दोन अक्षरे वाऱ्यात गेली तर माणूस सरळ ७० लिहितो, आणि पूर्ण ऐकूनही घाईत ७९ लिहिणारे सापडतात. एकोणतीस ते एकोणनव्वद या साऱ्याच शब्दांचा हा स्वभाव आहे. शिवाय सत्तेचाळीस व अठ्ठेचाळीस, सदुसष्ट व अडुसष्ट, पंचावन्न व सत्तावन्न यांच्यात फरक फक्त आरंभीच्या अक्षरांचा असतो आणि गोंगाटात आरंभच आधी हरवतो. तेव्हा निवेदनात जोडसंख्या वापरू नये, सुटे अंक उच्चारावेत. क्रमांकात १०, २०, ५० अशी सोपी जोडी असली तरीही नियम मोडू नये. 'पन्नास सात' असे म्हटले तर कोणी ५७ लिहील, कोणी ५०७.

हीच गोष्ट 'दोन आठ' किंवा 'तीन सात' अशा बोलण्याची. दोन आठ म्हणजे ८८ की २८? बोलणाऱ्याला शंका नसते, लिहिणाऱ्याला असते. 'डबल' हा शब्द बहुतेकांना कळतो, पण तो आधी उच्चारला जातो आणि त्याच क्षणी कुत्रे भुंकले की एकच आठ लिहिला जातो. अंक दोनदा आला तर तो दोनदाच म्हणावा.

सात आणि आठ

सुटे अंक उच्चारूनही एक जोडी उरते, आणि ती मराठीत फार त्रास देते. 'सात' आणि 'आठ' या शब्दांत लांब 'आ' समान आहे. 'स'चा सळसळता आवाज उंच पट्टीतला असतो. भोंगा मधल्या पट्टीतले आवाज जोरात फेकतो, पण उंच पट्टीतले आवाज त्यात क्षीण होतात आणि अंतराबरोबर आणखी विरतात. शेवटचे 'त' आणि 'ठ' क्षणभराचे असतात. साठ मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत दोन्ही शब्दांचा 'आ' तेवढा पोचतो. अशा वेळी आवाज वाढवण्याचा मोह होतो. त्याने 'आ' मोठा होतो, 'स' होत नाही, आणि कर्णा फाटू लागला की सारेच अंक सारखे वाटू लागतात.

आपल्या नमुन्यातील क्रमांकात नेमके ७, ८, ८ लागोपाठ आहेत. तीन-तीन-चार असे गट पाडले तर 'पाच शून्य चार, सात आठ आठ, सहा नऊ तीन दोन' असे होते आणि मधला गट ऐकताना गोंधळाचा डोह बनतो. त्याऐवजी चार-तीन-तीन असे गट पाडून पाहा :

पाच शून्य चार सात... आठ आठ सहा... नऊ तीन दोन.

आता सात पहिल्या गटाच्या शेवटी आला. गट संपताना आवाज आपोआप खाली उतरतो आणि पुढे विराम येतो. आठांची जोडी नव्या गटाच्या आरंभी, नव्या दमाने येते. गट कसे पाडायचे याचा एकच ठरलेला साचा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भेटकार्डावर पाच-पाच छापतात म्हणून बोलतानाही पाच-पाच म्हणावेत, याला आधार नाही. क्रमांक हाती आल्यावर आधी त्यातले सात व आठ शोधावेत आणि विराम त्यांच्यामध्ये पडेल असे पाहावे. एकदा ठरवलेले गट मात्र मुळीच बदलू नयेत. रिक्षावर एक तऱ्हा, आकाशवाणीवर दुसरी, असे झाले तर चाल मोडते, आणि क्रमांक लक्षात राहतो तो अर्थाने नव्हे, चालीने. गावातली मुले रिक्षामागे तो गुणगुणू लागली म्हणजे चाल जमली असे समजावे.

काही निवेदक अंकाला खूण जोडतात. 'इंद्रधनुष्याचे रंग असतात तेवढे सात' असे सांगितल्यास सात पक्का होतो. पण खूण निवडताना तिच्यातले आवाज ऐका. 'आठवड्याचे दिवस सात' ही खूण सुचते लगेच, आणि ती वाईट आहे, कारण तिच्यात 'आठ' दडलेला आहे. खूण एकाच अंकाला द्यावी. दहा अंकांना दहा खुणा दिल्या तर ते कोडे होते.

दुसऱ्या भाषेची मदत

आज पुष्कळ मराठी माणसे फोनचा क्रमांक इंग्रजी अंकांत सांगतात आणि ऐकतात. शुद्धतेच्या आग्रहाने हे टाळावे की काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. येथे कानाने विचार करावा. इंग्रजीत 'सेव्हन' आणि 'एट' यांत कसलेच साम्य नाही, म्हणजे मराठीची अडचण तेथे नाहीशी होते. उलट इंग्रजीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' एकमेकांत मिसळतात. विमानवाहतुकीत रेडिओवर बोलताना नऊला 'नाइनर' म्हणण्याची प्रथा त्याचसाठी पडली. मराठीत 'पाच' आणि 'नऊ' कधीही एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत. दोन भाषांच्या कमकुवत जागा वेगवेगळ्या आहेत. म्हणून क्रमांक एकदा मराठीत व एकदा इंग्रजीत, पण त्याच गटांत व त्याच चालीत सांगितला तर एकाची चूक दुसरा दुरुस्त करतो. माधवनगरसारख्या संमिश्र वस्तीत हिंदी व कन्नड बोलणाऱ्यांचीही यात सोय होते.

सुधारलेला मसुदा

"माधवनगरकर, पूरग्रस्तांसाठी मदत गोळा होत आहे. नवी चादर, टॉवेल, बादली, खराटा, काडेपेटी, चिरमुरे द्या. जुने कपडे नकोत. शिजवलेले अन्न नको. फोन करा, आम्ही दारात येतो. पाच शून्य चार सात... आठ आठ सहा... नऊ तीन दोन. जनावरांसाठी वैरण हवी आहे. ट्रॉली आम्ही पाठवतो. दिवेलागणीपर्यंत फोन करा. फाइव्ह झिरो फोर सेव्हन... एट एट सिक्स... नाइन थ्री टू."

हा मजकूर सुमारे चाळीस सेकंदांत संपतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. दोन उच्चार शेजारी-शेजारी ठेवलेले नाहीत. त्यांच्यामध्ये वैरणीची तीन वाक्ये आहेत. पहिल्यांदा क्रमांक कानी पडल्यावर माणूस पेन शोधतो. तेवढी सवड त्याला मधल्या वाक्यांत मिळते. 'सायंकाळी सहापर्यंत' ऐवजी 'दिवेलागणीपर्यंत' म्हटले आहे, कारण क्रमांकाच्या आसपास दुसरा कोणताही अंक आला तर तो क्रमांकात शिरतो. 'भ्रमणध्वनी क्रमांक' हा शब्दप्रयोग काढून टाकला आहे. 'फोन करा' हे दोन शब्द त्याचे काम करतात. खराटा आणि बादली यादीत का, असे कोणाला वाटेल. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ असतो, आणि पहिले काम तो काढण्याचे असते. शिजवलेले अन्न व जुने कपडे यांना स्पष्ट नकार द्यावा लागतो, कारण नकार न दिल्यास तेच आधी येते आणि केंद्राची माणसे निवडण्यातच दमतात.

निवेदनात एकच क्रमांक असावा. दोन दिले तर अर्धा याचा व अर्धा त्याचा लिहिला जातो. ओळ सतत व्यग्र राहील अशी भीती असेल तर तो फोन व्यग्र असताना येणारा कॉल दुसऱ्या कार्यकर्त्याच्या फोनकडे वळवण्याची सोय आधीच करून ठेवावी. श्रोत्याला ते कळण्याचे कारण नाही.

आकाशवाणीसाठी बदल

आकाशवाणीच्या सांगली केंद्रासारख्या केंद्राला निवेदन द्यायचे असेल तर रचना बदलते. येथे श्रोता आरंभापासून ऐकत असतो, 'स' नीट पोचतो, पण निवेदन पुन्हा केव्हा लागेल हे त्याला ठाऊक नसते. म्हणून क्रमांकापूर्वी पूर्वसूचना द्यावी : "कागद-पेन जवळ घ्या. थोड्या वेळात फोन नंबर सांगत आहोत." मध्ये दहा-बारा सेकंदांचा मजकूर ठेवून मग क्रमांक सांगावा आणि निवेदन क्रमांकानेच संपवावे. त्यानंतर आभाराचे वाक्य नको, कारण शेवटी ऐकलेले कानात राहते. निवेदकाला कागद देताना अंक अक्षरांत व गट वेगवेगळ्या ओळींवर लिहून द्यावेत. '५०४७८८६९३२' असे सलग दिले तर तो आपल्या सवयीने वाचील.

आकाशवाणी दूरवर ऐकली जाते. पुरात अडकलेले कुटुंबही तेच निवेदन ऐकत असेल, आणि त्याने सुटकेसाठी मदतसंकलनाचा फोन लावला तर मौल्यवान मिनिटे जातील. म्हणून 'सुटकेसाठी हा नंबर नाही, जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा' हे वाक्य आकाशवाणीच्या निवेदनात हवेच. ते अगदी आरंभी घ्यावे, मुख्य क्रमांकापासून जितके दूर ठेवता येईल तितके.

तपासणी

निवेदन लिहून झाले म्हणजे काम संपत नाही. फेरी निघण्यापूर्वी कर्णा रस्त्यावर लावा आणि क्रमांक माहीत नसलेल्या पाच जणांना साठ मीटरवर, शक्य तर एखाद्याला बंद खिडकीआड, कागद देऊन उभे करा. पाचांपैकी दोघांनी एकाच जागी चूक केली तर दोष त्यांच्या कानांचा नाही, तुमच्या गटांचा आहे. तो विराम हलवा आणि पुन्हा ऐकवा. दोष वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील तर वेग कमी करा. फेरी सुरू झाल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला 'नंबर कोठे ऐकलात?' असे विचारून नोंद ठेवावी. एखाद्या पेठेतून एकही फोन आला नाही तर तेथे रिक्षा वेगाने गेली असावी किंवा कर्ण्याचे तोंड उलट दिशेला असावे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर तो वापरता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात कर्णा बंद ठेवावा लागतो. फेरीचा मार्ग आखतानाच या जागा नकाशावर खुणावून घ्याव्यात.

स्वाध्याय

१. ५०६९७८२२८७ हा काल्पनिक क्रमांक घ्या. त्याचे दोन वेगवेगळे गट पाडा, दोन्ही मोठ्याने म्हणा आणि सात व आठ यांच्या जागा लक्षात घेऊन कोणता गट स्वीकाराल ते सकारण लिहा.

२. तुमच्या गावातील एखाद्या पेठेची लांबी पावलांनी मोजा. रिक्षा ताशी आठ किलोमीटर वेगाने गेल्यास तेथील एका घराला किती सेकंद मिळतील ते काढा आणि तेवढ्याच वेळात बसणारे निवेदन लिहा.

३. याच मजकुराचे आकाशवाणीसाठी एक मिनिटाचे निवेदन तयार करा. ते न दाखवता घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला एकदाच वाचून दाखवा. त्यांनी लिहिलेला क्रमांक अभ्यासकेंद्रावर येताना सोबत आणा.